‘आज काय करू?’ : बारीकसारीक निर्णयांचा शीण आणि आठवड्याची घडी

दिवसभरात एकामागून एक निवडी करत गेल्यावर पुढच्या निवडीला द्यायचे लक्ष हळूहळू पातळ होत जाते, आणि मग मनुष्य एक तर निर्णय पुढे ढकलतो, किंवा समोर जे येईल ते मुकाट्याने स्वीकारतो, किंवा साध्या प्रश्नावरही चिडतो. या अवस्थेला मानसशास्त्रात निर्णयांचा शीण असे म्हणतात. हा शीण मोठ्या निर्णयांनी येतोच असे नाही. घर घ्यावे की भाड्याने राहावे, हा प्रश्न आयुष्यात एकदोनदा पडतो आणि त्याला महिने दिले जातात. पण भाजी कोणती, डब्यात काय, मेट्रो की रिक्षा, दूध आता मागवावे की रात्री, हे प्रश्न रोज नव्याने पडतात आणि त्यांना वेळापत्रकात कोठेही जागा नसते. बंगळुरूमध्ये नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत हा भार विशेष जाणवतो, कारण गावाकडे ज्या कित्येक गोष्टी घरातील मोठी माणसे, बाजाराचा वार किंवा निव्वळ वहिवाट ठरवून टाकत असे, त्या येथे नवरा-बायकोला स्वतःच, आणि बहुधा मोबाइलच्या पडद्यावर, ठरवाव्या लागतात.

उपायांकडे वळण्यापूर्वी या कल्पनेमागचा पुरावा किती भक्कम आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण अनेक लोकप्रिय सल्ले त्याच्या कच्च्या भागावर उभे आहेत. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यात समोर चॉकलेटची बिस्किटे असताना ती टाळून मुळे खायला लावलेल्या व्यक्तींनी नंतर दिलेले कोडे लवकर सोडून दिले. यावरून मनोनिग्रह हा इंधनासारखा संपणारा साठा आहे, असा निष्कर्ष काढला गेला. मात्र २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर, याच सिद्धान्ताची वेगळ्या पद्धतीने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य आढळला. इस्रायलमधील पॅरोल न्यायाधीशांविषयी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच वारंवार सांगितला जातो. त्यात सत्राच्या आरंभी सुमारे ६५ टक्के असलेले अनुकूल निकाल सत्राअखेर शून्याजवळ येत आणि खाण्याच्या सुटीनंतर पुन्हा वर चढत, असे दिसले होते. त्यावर लगेचच असा आक्षेप घेण्यात आला की प्रकरणांचा क्रम यादृच्छिक नव्हता, आणि वकील नसलेले कैदी बहुधा सत्राच्या शेवटी येत असत.

तरीही कल्पना पूर्णपणे टाकून देण्याचे कारण नाही. श्वसनमार्गाच्या साध्या संसर्गासाठी डॉक्टर प्रतिजैविके किती वेळा लिहून देतात, याचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकी अभ्यास असे दाखवतो की दवाखान्याचे सत्र जसजसे लांबत जाते तसतसे हे प्रमाण वाढत जाते. म्हणजे थकलेला मनुष्य विचार करू शकत नाही असे नव्हे, तर तो कमी त्रासाच्या वाटेकडे झुकतो. व्यवहारात उपयोगी पडणारा भाग एवढाच आहे, आणि त्यातून निघणारा सल्लाही वेगळा आहे: साखरेचा चहा पिऊन किंवा मन घट्ट करून इंधन भरण्यापेक्षा कमी त्रासाची वाटच आधी नीट आखून ठेवावी, म्हणजे झुकल्यावरही माणूस बऱ्या ठिकाणी पोहोचतो.

यासाठी लागणारा शब्द मराठीत जुनाच आहे, आणि तो म्हणजे नेम. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारे घर चार महिन्यांसाठी एकदाच ठरवते आणि मग रोज तो प्रश्न उघडत नाही. नेमाची धार्मिक बाजू सोडली तरी त्याची रचना नेमकी तीच आहे, जिला आजचे मानसशास्त्र पूर्वबद्धता म्हणते, म्हणजे मोह किंवा थकवा येण्याआधीच स्वतःला एका पर्यायाशी बांधून घेणे. अर्थात उपवासाच्या नेमाने खाणाऱ्याचा प्रश्न सुटला तरी साबुदाणा आदल्या रात्री भिजत घालण्याची आठवण कोणाला तरी ठेवावीच लागते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारण निर्णय म्हणजे केवळ ‘हे की ते’ असा क्षण नव्हे. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी अमेरिकेतील ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरातील वैचारिक कामाचे चार टप्पे पाडले: गरज आधी ओळखणे, पर्याय शोधणे, त्यांतून निवडणे, आणि निवडलेले पार पडते की नाही याचा मागोवा ठेवणे. त्यांना असे आढळले की निवडण्याचा टप्पा नवरा-बायकोत बऱ्यापैकी वाटला जातो, पण पहिला आणि शेवटचा टप्पा मुख्यतः बायकांच्या वाट्याला येतो. मराठी घरातला ‘काहीही चालेल’ हा उदार वाटणारा उत्तरप्रकार या मांडणीत तपासला तर असे दिसते की तो निवडण्याचे कामही परत विचारणाऱ्याच्याच पदरात टाकतो. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१२ मध्ये आपण फक्त राखाडी किंवा निळे सूट वापरतो असे सांगितले होते आणि तेव्हापासून ते या विषयाचे ठरलेले उदाहरण झाले आहे. ते सूट वेळेवर धुऊन कपाटात येण्याची आठवण कोण ठेवत होते, हे मात्र त्या उदाहरणात येत नाही. नित्यक्रम सोपा करताना निर्णय खरोखर नाहीसा झाला की दुसऱ्याच्या डोक्यात गेला, हे म्हणूनच प्रत्येक पायरीवर पाहावे लागते.

पहिली पायरी मोजणीची आहे. सोमवार ते शुक्रवार, असे पाच दिवस, घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीने विचारल्या गेलेल्या किंवा स्वतःला पडलेल्या छोट्या प्रश्नांची नोंद वेळेसह ठेवावी. उत्तर लिहिण्याची गरज नाही, प्रश्न, वेळ आणि तो कोणाकडे गेला एवढे पुरते. पाच दिवसांनंतर तीन कसोट्या लावाव्यात: प्रश्न आठवड्यातून किमान दोनदा आला का, चुकीचे उत्तर दिले असते तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाले असते का, आणि तो नेहमी घाईच्या किंवा थकव्याच्याच वेळी येतो का. तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर तो प्रश्न नेमात घालण्याजोगा आहे. ज्याचे दुसरे उत्तर नकारार्थी आहे, उदाहरणार्थ मुलाच्या औषधाविषयीचा किंवा पैशाच्या गुंतवणुकीचा प्रश्न, तो नेमात न घालता दिवसाच्या ताज्या वेळेत हलवावा.

उदाहरणादाखल कनकपुरा रस्त्यावर कोणनकुंटे क्रॉसजवळ राहणारे एक कल्पित घर घेता येईल, ज्यात नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, एक मूल शाळेत जाते, सासूबाई सोबत असतात आणि सकाळी सव्वासातला स्वयंपाकाला एक कन्नड बाई येतात. या घराच्या नोंदवहीत एकच प्रश्न पाचही दिवस, सव्वासात वाजता आणि एकाच व्यक्तीकडे गेलेला दिसेल: ‘अक्का, इवत्तु एन् माडलि?’, म्हणजे आज काय करू. प्रश्न चार शब्दांचा असला तरी त्याच्या पोटात निदान पाच प्रश्न असतात: घरात कोणती भाजी आहे, त्यातली कोणती आज संपवली नाही तर फुकट जाईल, डब्यात रस न सांडणारी कोणती, सासूबाईंना चालणारी कोणती, आणि काल काय झाले होते. हे सर्व मुलाचे दप्तर भरता भरता सुटायचे असते, म्हणून उत्तर बहुधा ‘बटाटा करा’ असे येते आणि शुक्रवारी शीतकपाटातील पालेभाजी कचऱ्यात जाते.

येथे बहुतेक घरे जी चूक करतात ती सात दिवसांचे सात पदार्थ ठरवण्याची. असा तक्ता पहिला आठवडा चालतो, दुसऱ्या आठवड्यात ठरलेली भाजी बाजारात मिळत नाही किंवा महाग असते, आणि तिसऱ्या आठवड्यात तो शीतकपाटाच्या दारावर नुसता लटकत राहतो. पदार्थ न ठरवता भाजीचा वर्ग ठरवावा आणि वर्गांचा क्रम नासण्याच्या वेगावरून लावावा, हा यावरचा अधिक टिकाऊ मार्ग आहे. खरेदी रविवारी होत असेल तर सोमवारी पालेभाजी, कारण मेथी आणि शेपू दोन दिवसांत माना टाकतात. मंगळवारी भेंडी किंवा गवार. बुधवारी मोडाचे कडधान्य. गुरुवारी दोडका, वांगी किंवा दुधी. शुक्रवारी कोबी, बटाटा किंवा लाल भोपळा, म्हणजे ज्याला कसलीही घाई नाही असे काही. शनिवारी एका भांड्यात होणारा पदार्थ, मग तो मसालेभात असो, मुगाची खिचडी असो की या शहरात राहून अंगवळणी पडलेला बिसी बेळे भात, आणि रविवार मोकळा.

या क्रमात बुधवार मुद्दाम मध्ये आहे. मटकी सोमवारी रात्री भिजत घातली, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, तर बुधवारी सकाळी मोड तयार असतात. बंगळुरूच्या डिसेंबर-जानेवारीतील गार रात्रींत मात्र त्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून त्या दोन महिन्यांत भिजवण्याचे काम रविवारी रात्रीवर आणावे. हे भिजवणे म्हणजेच डॅमिंजर यांच्या मांडणीतला पहिला टप्पा, गरज आधी ओळखण्याचा. तो भाजी निवडणाऱ्या बायकोकडेच राहिला तर तक्त्याने तिची सकाळ वाचली आणि रात्र घेतली, असा हिशेब होतो. म्हणून कल्पित घरात भिजवण्याचे काम पूर्णपणे नवऱ्याकडे जाते, आणि ‘पूर्णपणे’ याचा अर्थ आठवण करून देण्याचे कामही कोणाकडे राहत नाही. एखाद्या सोमवारी तो विसरला तर बुधवारी मोड नसतात आणि पिठले होते; ही गैरसोय दोनतीनदा घडू देणे हे आठवण करून देत राहण्यापेक्षा परवडते.

आठवड्याची खरेदी हा या घडीचा दुसरा आधार होय. कर्नाटकातील फळे-भाज्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेची, म्हणजे हॉपकॉम्सची, दुकाने बंगळुरूच्या अनेक वस्त्यांत आहेत आणि सकाळी ‘सोप्पु, सोप्पु’ असा पुकारा करत पालेभाजीचे गाडेही येतात. मेंथ्य सोप्पु म्हणजे मेथी, सब्बसिगे सोप्पु म्हणजे शेपू आणि दंटिन सोप्पु म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातील पाला, एवढे तीन शब्द आले की सोमवारचा वर्ग भागतो. खरेदीच्या यादीतही नावे न लिहिता वर्ग आणि प्रमाण लिहावे: पालेभाजीच्या दोन जुड्या, नाजूक फळभाजी अर्धा किलो, टिकाऊ फळभाजी एक किलो, याप्रमाणे. यादी अशी असली की दुकानात जे ताजे दिसेल ते घेता येते आणि खरेदीला जाणारी व्यक्ती घरी फोन करून ‘भेंडी नाही, काय आणू’ असे विचारत नाही. हिवाळ्यात अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या जातीचे टपोरे दाणे, बाजारात आले की ते बुधवारच्या कडधान्याची जागा घेऊ शकतात आणि तक्ता न बदलता ऋतू ताटात येतो.

पर्याय कमी ठेवल्याने गिऱ्हाईक दूर जात नाही, याचा एक नमुना याच शहरात, शंकरपुरम भागात, १९६५ पासून उभा आहे. ब्राह्मिन्स कॉफी बार या छोट्या उपाहारगृहात इडली, वडा, खाराबात म्हणजे उपमा, केसरीबात म्हणजे शिरा, आणि कॉफी-चहा एवढेच काय ते मिळते, सांबार तर मुळीच नसते, आणि चटणी पुन्हा पुन्हा वाढली जाते. तेथे येणाऱ्याला काय घ्यायचे ते रांगेत उभे राहण्यापूर्वीच ठाऊक असते. मात्र यावरून ‘पर्याय जितके कमी तितके बरे’ असा सरधोपट नियम काढणे चुकीचे ठरेल. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुरांब्याच्या प्रयोगात २४ प्रकार मांडले असता थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी, तर ६ प्रकार मांडले असता सुमारे ३० टक्के लोकांनी खरेदी केली होती. पण पुढच्या अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केल्यावर सरासरी परिणाम नगण्य निघाला. नंतरच्या संशोधनाने परिस्थितीचे बारकावे दाखवले: पर्यायांची तुलना किचकट असेल किंवा स्वतःला काय हवे आहे हेच स्पष्ट नसेल, तर पर्यायांची गर्दी जड जाते.

रात्री साडेआठला घरी पोहोचून जेवण मागवण्याचे ॲप उघडणाऱ्या व्यक्तीची स्थिती नेमकी तशी असते. काय हवे ते ठरलेले नसते, पडद्यावर शेकडो पदार्थ असतात, प्रत्येकाची किंमत, सवलत, वेळ आणि तारांकन वेगळे असते, आणि अर्ध्या तासाने मागवले जाते ते बहुधा मागच्याच वेळचे. ॲप काढून टाकण्याचा सल्ला फार दिवस टिकत नाही. त्याऐवजी ॲप पाहण्यासाठी न उघडता मागवण्यासाठीच उघडावे, म्हणजे पदार्थ आणि दुकान हातात फोन घेण्यापूर्वी तोंडाने बोलून ठरवावे, आणि घरासाठी अशा तीन ठरलेल्या जोड्या कागदावर लिहून ठेवाव्यात. चौथी जोडी हवी असेल तर ती मोकळ्या रविवारी शोधावी. सतत थोडेथोडे किराणा सामान मागवण्याच्या सवयीलाही हाच न्याय लागू आहे: दहा मिनिटांत घरपोच येते, म्हणून ‘आता मागवू का’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा पडतो; पण बुधवार आणि शनिवार असे दोनच वार ठरवून मधल्या वस्तू कागदावर टिपत गेल्यास त्यांतल्या काही वस्तूंची गरज वार येईपर्यंत आपोआप सरते.

प्रवासाबाबत फार लिहिण्याची गरज नाही, कारण तेथे एकच तंत्र पुरते. मानसशास्त्रज्ञ पेटर गोलवित्झर यांनी ज्याचा सखोल अभ्यास केला ते ‘जर–तर’ वाक्य, म्हणजे परिस्थिती आणि कृती यांची आधीच घातलेली सांगड, केवळ ‘लवकर निघायचे’ अशा संकल्पापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. कल्पित घरातील नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचे असेल तर तो हिरव्या मार्गिकेने आर. व्ही. रोड स्थानकापर्यंत जाऊन तेथे ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पिवळी मार्गिका धरू शकतो, किंवा दुचाकीने निघू शकतो. ‘सकाळी आकाश पाहून ठरवू’ हा निर्णय नव्हे, तो रोजचा नवा प्रश्न आहे. ‘जून ते ऑक्टोबर मेट्रोच, एरवी सोमवार आणि शुक्रवार मेट्रो’ हे वाक्य एकदा ठरले की संध्याकाळच्या पावसाने पंचाईत होण्याचे प्रसंगही घटतात. तीन ॲपवर रिक्षाचे भाडे ताडून पाहण्यात वाचणारे रुपये आणि जाणारी मिनिटे यांचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः मांडून पाहावा.

घडी बसायला किती दिवस लागतात, याबाबत २१ दिवसांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो त्याला आधार नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एखादी कृती आपोआप घडू लागण्यास मधला काळ ६६ दिवसांचा आढळला, आणि व्यक्तीव्यक्तींत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडत नसल्याचेही दिसले. म्हणून तक्ता तिसऱ्या आठवड्यात मोडला तर तो चुकीचा होता असे लगेच मानू नये. तो कोठे मोडला ते पाहावे. बाई सुटीवर गेल्या की मोडतो, तर ‘बाई नसतील तर शनिवारचा पदार्थ’ असे एक जर–तर वाक्य हवे. सणाच्या आठवड्यात मोडतो, तर तो आठवडा तक्त्याबाहेर आहे असे आधीच लिहून टाकावे. आणि एकाच व्यक्तीच्या हातून मोडत असेल, तर बहुधा तक्ता ठरवताना तिला विचारले गेलेले नसते. सासूबाईंनी दर आठवड्याला वेगळेच काही सुचवणे हे पुष्कळदा अडवणुकीचे नसून स्वयंपाकघरातला अधिकार हातून गेल्याचे लक्षण असते, आणि मोकळा रविवार त्यांच्या हवाली केल्याने तो प्रश्न निवळू शकतो.

नेमाला एक मर्यादाही आहे. निर्णय कमी केल्यावरही आवडीच्या गोष्टींतसुद्धा काहीच ठरवता येईनासे झाले, झोप आणि भूक बिघडली, आणि ही स्थिती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर तो निवडींचा शीण नसून नैराश्यासारखा आजार असू शकतो आणि तक्त्यांनी तो हटत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि बंगळुरूमधील निम्हान्स ही संस्था तिच्याशी निगडित आहे.

कल्पित घराच्या तक्त्याचे एक शेवटचे काम राहते, ते भाषेचे. मराठीत लिहिलेला कागद स्वयंपाकाच्या बाईंना वाचता येत नाही, आणि मग तो वाचून दाखवण्यासाठी सव्वासातला पुन्हा त्याच व्यक्तीला बोलवावे लागते. म्हणून तो शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाकडून कन्नडमध्ये लिहून घ्यावा, बाईंना वाचनाची सवय नसेल तर भाज्यांची चित्रे काढून घ्यावीत, आणि वर्गांतून कोणती भाजी उचलायची ते त्यांच्यावरच सोपवावे, कारण कोणती जून झाली आहे हे त्यांच्याच हाताला आधी कळते. काही आठवडे असे गेले की गुरुवारी सकाळी प्रश्न ऐकू येतो तो वेगळा असतो: ‘हीरेकाई चेन्नागिल्ल, बदनेकाई माडला?’, दोडका बरा नाही, वांगे करू का. आणि त्याला दप्तराची चेन लावता लावता, मान वर न करता, ‘हूं’ एवढे उत्तर पुरते.